खाण बंद पडली की सोनं महागतं का?

प्रश्न: खाणीत संप झाला, पूर आला किंवा वीज गेली की सोनं महागणार असं बातम्यांत येतं. पुरवठा नेमका किती कमी होतो, आणि भाव खरंच त्यामुळे वाढतो का?

परिणाम होतो, पण जवळजवळ नेहमीच तो इतका लहान असतो की डॉलर आणि व्याजदरांच्या रोजच्या हालचालीत वेगळा ओळखूही येत नाही. मोठा फटका बसतो तो त्या कंपनीला, तिथल्या कामगारांना, आणि बरेचदा त्याच खाणीतून किंवा त्याच देशातून निघणाऱ्या दुसऱ्या एखाद्या धातूच्या भावाला.

याचं कारण साठ्यात आहे. जगभरच्या खाणींतून आजकाल वर्षाला साधारण ३,६०० टन सोनं निघतं, म्हणजे रोजचं दहा टन. जुनं सोनं वितळवून आणखी बाराशे-चौदाशे टन बाजारात येतं. पण आजवर माणसाने जमिनीतून काढलेलं सोनं दोन लाख टनांच्या वर आहे आणि ते जवळपास सगळं अजून कुठे ना कुठे ठेवलेलं आहे. सोनं गंजत नाही, जळत नाही, खाऊन संपत नाही. आज एकूण एक खाण बंद पडली तरी जमिनीच्या वर जवळजवळ साठ वर्षांच्या उत्पादनाइतकं सोनं आहे. तांब्याचं तसं नाही. गोदामांतलं तांबं जगाला काही आठवडेच पुरतं, त्यामुळे तांब्याची मोठी खाण बंद पडली की कारखानदार धास्तावतो. सोन्याचा भाव ठरतो तो साठा धरून बसलेल्यांना ते विकावंसं वाटतं की आणखी घ्यावंसं वाटतं, यावर. खाणीतून रोज येणारी भर त्या मानाने ओंजळभर.

हे नीट पाहायचं तर जानेवारी २००८ मधली दक्षिण आफ्रिका घ्यावी. एका देशाचा जवळपास सगळा सोने-उद्योग एकाच दिवशी थांबला, असं क्वचितच घडलं आहे.

त्या वर्षी तिथल्या सरकारी वीज कंपनीकडे, एस्कॉमकडे, मुळातच राखीव क्षमता तुटपुंजी होती. कोळशाचे साठे खाली गेले होते आणि जोरदार पावसाने उरलेला कोळसा भिजला होता. ओला कोळसा चक्क्यांत अडकतो, भट्टीत उष्णता कमी देतो, आणि संच पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. म्हणजे ‘वीजटंचाई’ म्हणून जी बातमी जगभर गेली, तिच्यात पावसाचाही हात होता. २४ जानेवारीला एस्कॉमने मोठ्या खाणींना कळवलं की अखंड विजेची हमी देता येणार नाही. अँग्लोगोल्ड अशांती, गोल्ड फील्ड्स आणि हार्मनी या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २५ तारखेला भूगर्भातलं काम थांबवलं. प्लॅटिनमच्या खाणीही थांबल्या.

वीज पूर्ण तुटली नव्हती. मग काम का थांबवलं? कारण खोल खाणीत वीज म्हणजे फक्त यंत्रं नव्हेत. तिथल्या काही खाणी तीन-चार किलोमीटर खोल आहेत. चार किलोमीटरवर मूळ खडकाचं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं. माणसाने तिथे काम करायचं तर वरून थंड केलेली हवा, थंड पाणी, काही ठिकाणी चक्क बर्फ खाली पाठवावा लागतो. पंखे थांबले की कामाच्या जागी उष्णता आणि वायू साचू लागतात. पंप थांबले की पाणी चढू लागतं. आणि माणसांना वर आणणारा पिंजरा ज्या यंत्राने ओढला जातो, तेही विजेवरच. पाळीतले हजारो कामगार खाली असताना वीज गेली तर त्यांना वर काढायचं कसं, हा प्रश्न होता. तो काल्पनिक नव्हता हे पुढे दिसलंच: २०१८ च्या जानेवारीअखेर वादळाने वीज तुटली आणि बिएट्रिक्स या सोन्याच्या खाणीत ९५५ कामगार दिवसभराहून जास्त वेळ खाली अडकून पडले. सुदैवाने सगळे सुखरूप वर आले. म्हणून विजेची ‘हमी’ गेली की माणसं खाली पाठवायची नाहीत, हा निर्णय बरोबरच असतो.

आता आकडा मांडू. दक्षिण आफ्रिकेचं उत्पादन तेव्हा वर्षाला अडीचशे टनांच्या आसपास होतं, म्हणजे दिवसाला साधारण ७०० किलो. खाणी पाचेक दिवस बंद राहिल्या. सगळं उत्पादन बुडालं असं धरलं तरी साडेतीन टन. जगाच्या तेव्हाच्या उत्पादनाचा हा अर्ध्या दिवसाचा हिशेबसुद्धा जेमतेम.

पण गोष्ट तिथे संपली नाही. खाणी पुन्हा सुरू झाल्या त्या नेहमीच्या विजेच्या सुमारे ९० टक्क्यांवर, आणि ‘वीज दहा टक्के कमी, म्हणजे सोनं दहा टक्के कमी’ हा सरळ हिशेब इथे चालत नाही. समजा एका खाणीला १०० मेगावॉट लागतात. त्यातले ५० मेगावॉट पंखे, शीतकरण आणि पाणी उपसण्यावर जातात. एक टन खनिज काढा की हजार टन काढा, हा भार तेवढाच. उरलेले ५० खनिज वर ओढणं, दळणं, दाबाखालची हवा पुरवणं यांवर. आता एकूण वीज ९० झाली तर कपात कुठून होणार? माणसांच्या हवेतून नाही. ते दहा मेगावॉट उत्पादनाच्या ५० मधूनच जातात, म्हणजे उत्पादनाचा भार पाचव्या हिश्श्याने घटतो. खाण जितकी खोल, तितका हा न बदलणारा भार मोठा, आणि तितकी थोड्या कपातीने मोठी तूट. हवेच्या नळ्यांतली गळती बुजवून, पाणी उपसण्याच्या वेळा रात्रीवर टाकून यातला काही भाग वाचवता येतो आणि खाणींनी तो वाचवलाही. तरीही त्या पूर्ण वर्षात दक्षिण आफ्रिकेचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा तीस ते चाळीस टनांनी घसरलं. त्यात विजेखेरीज सुरक्षेसाठीच्या बंदी आणि खनिजाची उतरती प्रत, म्हणजे दर टनात कमी होत गेलेलं सोनं, हेही होतं.

मग भावाचं काय झालं? २५ जानेवारीला सोन्याने औंसाला ९२० डॉलरच्या वर नवा उच्चांक केला आणि बातम्यांनी तो खाणींच्या नावावर लिहिला. पण त्याच आठवड्यात, २२ तारखेला, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने ठरल्या बैठकीची वाट न पाहता व्याजदर पाऊण टक्क्याने कमी केला होता, आणि ३० तारखेला आणखी अर्ध्या टक्क्याने केला. व्याज उतरलं की व्याज न देणारं सोनं जवळ ठेवणं परवडतं. शिवाय डॉलर घसरत होता, बँका डळमळत होत्या. मार्चच्या मध्यावर सोनं हजार डॉलरवर पोचलं, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून दहा-बारा टक्के वाढ.

आता शेजारी प्लॅटिनम ठेवा. खाणी त्याच देशातल्या, वीज तीच, दिवसही तेच. प्लॅटिनम जानेवारीच्या मध्याला सोळाशे डॉलरच्या आसपास होतं; मार्चच्या सुरुवातीला ते बावीसशेच्या पुढे गेलं. चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढ. कारण जगातलं बहुतांश नवं प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतं आणि जमिनीवरचा साठा ते वापरणाऱ्या मोटार कारखान्यांच्या गरजेच्या मानाने थोडा. सोन्याची आणि प्लॅटिनमची ही तफावत म्हणजेच वीजटंचाईचा खरा परिणाम. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत सोनं साडेसातशेच्या खाली आणि प्लॅटिनम आठशेच्या खाली आलं. दक्षिण आफ्रिकेचा विजेचा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. सोनं खाली आणलं रोकड जमवण्याच्या धावपळीने, प्लॅटिनम पाडलं मोटारींची मागणी आटल्याने.

वीज गेल्यावर जमिनीच्या वरच्या कारखान्यात काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण ‘दोन तास वीज गेली’ या बातमीमागे दोन दिवसांचं नुकसान असू शकतं. खनिज दळणारी बॉल मिल म्हणजे पोलादी गोळे, दगड आणि पाणी भरलेलं प्रचंड पिंप. ते फिरत असेपर्यंत आतला माल सैल असतो. काही तास थांबलं की तो घट्ट बसून एकसंध ढेप होतो. तसंच एकदम सुरू केलं तर ती ढेप पिंपाबरोबर वर जाते आणि उंचावरून एकाच वेळी आदळते. आतलं अस्तर, कवच, बेअरिंग काहीही तडकू शकतं. म्हणून आधी पिंप थोडं थोडं पुढेमागे हलवून माल मोकळा करावा लागतो. पुढे दळलेल्या खनिजातलं सोनं विरघळवून काढणाऱ्या सायनाइडच्या टाक्यांतही तेच दुखणं. ढवळणारे पंखे थांबले की बारीक गाळ तळाशी बसतो आणि काही तासांत इतका घट्ट होतो की मोटर चालू केली तरी पाती हलत नाही. मग हवा किंवा पाणी मारून, वेळ पडल्यास टाकी रिकामी करून गाळ काढायचा. ठरवून वीज कमी करणं आणि अचानक वीज जाणं यातला फरक हा असा आहे. आधी कळवलं तर मिल रिकामी करून थांबवता येते.

पुराचं गणित वेगळं. उघड्या खाणीत पाणी साचतं ते सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि बरेचदा सध्या चांगल्या प्रतीचं खनिज तिथूनच उचललं जात असतं. कारखाना बंद राहत नाही. बाजूला रचून ठेवलेल्या हलक्या प्रतीच्या ढिगाऱ्यावर चालू राहतो. कंपनीच्या तिमाही अहवालात ‘दळलेलं खनिज’ जवळपास तेवढंच दिसतं आणि सोनं मात्र घटलेलं. पूर किती लागला हे पाहायचं तर टन पाहू नयेत, दर टनामागे किती ग्रॅम सोनं निघालं ते पाहावं. तो आकडा पडलेला असेल तर खाण ढिगाऱ्यावर जगते आहे. ढीग किती आठवड्यांचा आहे, हा पुढचा प्रश्न.

भूगर्भातल्या खाणीत पूर आणि वीज हे एकच संकट ठरतं. दोन किलोमीटर खोलीवरून दिवसाला १०,००० घनमीटर पाणी वर काढायचं तर पंपांत वाया जाणारी ऊर्जा धरून तीन मेगावॉटच्या वर वीज अखंड लागते, आणि वीज थांबली तरी पाणी झिरपायचं थांबत नाही. खालचं पंपघर एकदा बुडालं की वीज परत येऊनही उपयोग नसतो. आधी वरून नवे पंप उतरवावे लागतात. इथे पाच दिवसांची बंदी पाच महिन्यांची होऊ शकते. म्हणून बातमीत ‘पाणी शिरलं’ एवढंच न पाहता मुख्य पंपघर वाचलं का, हे शोधावं.

ग्रासबर्गचं उदाहरण याच जातीचं आहे. इंडोनेशियाच्या पापुआतली ही खाण तांब्याची म्हणून ओळखली जाते, पण सोन्यातही जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक. ८ सप्टेंबर २०२५ ला तिच्या भूगर्भातल्या भागात सुमारे आठ लाख टन ओला गाळ आत घुसला. सात कामगार गेले. २४ सप्टेंबरला कंपनीने ठरलेला माल देता येणार नाही असं अधिकृतपणे जाहीर केलं आणि पुढच्या वर्षीचं उत्पादन आधीच्या अंदाजाहून सुमारे ३५ टक्के कमी राहील असं सांगितलं. तांब्याचा भाव त्या दिवशी तीन टक्क्यांच्या वर उसळला. सोनं त्या दिवसांत विक्रमी पातळीवर होतं, पण या बातमीच्या दिवशी ते उलट थोडं उतरलं. एकाच खाणीतले दोन धातू, एकच बातमी, आणि भाव वेगवेगळ्या दिशांना.

संपाकडे येऊ. संप हा तिन्हींतला सगळ्यात आधी दिसणारा अडथळा. वेतन करार कधी संपतो ते महिनोन्‌महिने आधी माहीत असतं, नोटीस द्यावी लागते, आणि बाजार तो आधीच हिशेबात धरतो. संप सुरू झाला तरी पंप आणि हवा चालू ठेवणारे कर्मचारी सहसा कामावर राहतात. कारखाना रचलेल्या खनिजावर काही दिवस चालतो, म्हणून पहिल्या आठवड्यात सोन्याचा ओघ पूर्ण थांबतोच असं नाही. नुकसान मागाहून दिसतं. खोल खाणीत खणलेली जागा दाबाने हळूहळू मिटत जाते. रोज काम चालू असताना आधार लावून ती सांभाळली जाते. दोन-तीन महिने कोणी फिरकलं नाही तर छत सैल होतं. परतल्यावर आधी तपासणी, सैल दगड पाडणं, नवे आधार, कामगारांची वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षेची उजळणी. लांबलेल्या संपानंतर उत्पादन पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे जातात, तेव्हा हिशेबात संपाचे दिवस अधिक हे आठवडे धरावेत.

मेक्सिकोतल्या पेन्यास्कितो खाणीत जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात संप सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालला. नफ्यातला वाटा दहावरून वीस टक्के करा ही कामगारांची मागणी होती. २०२२ मध्ये या खाणीने सुमारे ५ लाख ६६ हजार औंस सोनं दिलं होतं, २०२३ मध्ये सुमारे १ लाख ४३ हजार. फरक साधारण तेरा टन. ही सगळी घट संपाचीच मानली तरी ती जगाच्या सव्वा दिवसाच्या उत्पादनाएवढी झाली. संप सुरू झाला तेव्हा सोनं १,९६० डॉलरच्या आसपास होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, संप चालू असतानाच, ते १,८२० वर आलं, कारण अमेरिकी रोख्यांचा परतावा चढत होता. ७ ऑक्टोबरनंतर मध्यपूर्वेत युद्ध पेटलं, सोनं वर निघालं, आणि त्याच सुमारास संप मिटला. संपात सोनं उतरलं आणि संप मिटताना चढलं. ही खाण चांदी, शिसं आणि जस्तही देते. तिच्या बंदीचा परिणाम शोधायचाच असेल तर सोन्यापेक्षा तिथे शोधावा.

अशा बंद्या वर्षानुवर्षं साचल्या तर? तेही घडून गेलं आहे. दक्षिण आफ्रिकेने १९७० मध्ये सुमारे १,००० टन सोनं काढलं होतं. आज ते १०० टनांच्या घरात आहे. खोली वाढत गेली, प्रत उतरत गेली, वीज महागली आणि बेभरवशाची झाली, संप झाले. जगातला सर्वांत मोठा उत्पादक नव्वद टक्क्यांनी आक्रसला. तरी जगाचं एकूण उत्पादन या काळात दुपटीहून जास्त झालं, कारण चीन, ऑस्ट्रेलिया, रशिया, पश्चिम आफ्रिका यांनी ती जागा भरली. पण तिथल्या खाणगावांची जागा कोणी भरली नाही, आणि खाण बंद पडल्याची खरी किंमत मोजली जाते ती तिथे.

भावात जाणवेल असा अडथळा खाणीच्या पुढच्या टप्प्यावर येऊ शकतो. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातल्या तीन मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांना काम थांबवावं लागलं आणि प्रवासी विमानं बंद झाली. सोनं भरपूर होतं, पण लंडनच्या तिजोऱ्यांत ४०० औंसांच्या विटांच्या रूपात, आणि न्यूयॉर्कच्या वायद्याला तेव्हा १०० औंसांच्या किंवा किलोच्या विटा लागत. वितळवून नव्या ओतायच्या तर कारखाने बंद, न्यायच्या तर विमानं नाहीत. दोन शहरांतल्या भावांत एरवी एक-दोन डॉलरचं अंतर असतं. २४ मार्चच्या सुमारास ते सत्तर डॉलरपर्यंत ताणलं गेलं आणि काही आठवड्यांत निवळलं.

तेव्हा पुढची बातमी आली की आधी त्या खाणीचं वार्षिक उत्पादन शोधा. ते औंसांत असेल तर ३२,१५० ने भागा, टन मिळतील. त्याला ३६५ ने भागून बंदीच्या दिवसांनी गुणा, पूर्वपदावर यायचे दिवसही धरा, आणि आलेला आकडा रोजच्या दहा टनांशी ताडून पाहा. मग त्या दिवशी डॉलर निर्देशांक, म्हणजे इतर मोठ्या चलनांच्या तुलनेतली डॉलरची किंमत, आणि अमेरिकी रोख्यांचा परतावा कुठे गेला ते बघा. चांदीही सोन्याबरोबर तेवढीच हलली असेल तर कारण खाणीत नाही. शेवटी, त्या कंपनीचा शेअर तिच्या स्पर्धकांपेक्षा किती वेगळा हलला तेही पाहा: बाजाराने या बंदीला किती किंमत दिली, हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.